अर्धा संवाद

इंदुराहून खांडव्याच्या वाटेस लागले की पंचवीसेक किलोमीटरांवर सिमरोल लागते. पुढे भेरूघाटाची वळणे सुरू होतात, म्हणून ओंकारेश्वरास जाणारे यात्रेकरू येथे चहापुरते थांबत आले आहेत. एरवी या गावाची ओळख सोयाबीनची शेते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांची दुकाने एवढीच होती. 2009 साली इंदुरास आय.आय.टी. निघाली आणि पुढे तिचे आवार सिमरोलास आले, तेव्हापासून गावात चार नवी घरे आणि चार नव्या भाषा आल्या. आमचा पुतण्या तेथेच नोकरीस आहे. त्याच्या घरी आमच्या वहिनी, म्हणजे आमच्या दिवंगत वडील बंधूंच्या पत्नी, राहतात, आणि वर्षातून एकदा पंधरा-वीस दिवस आम्हीही तेथे जाऊन राहतो.

2024 सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट आहे. पुतण्या कामावर गेला होता, सूनबाई इंदुरास गेली होती, नातू कॉलेजात होता. आम्ही ओसरीवर बसून पोथी वाचीत होतो. मोठ्याने वाचावयाची आमची जुनी सवय आहे. आत माजघरात वहिनींचा फोन वाजला. वहिनी कानात ती दोरीची कर्णफुले घालून बोलतात; कीर्तने ऐकण्यासाठी नातवाने आणून दिली आहेत. त्यामुळे पलीकडचा शब्द आमच्या कानी येण्याचा प्रश्नच नव्हता. अलीकडचे शब्दही थोडेच होते. ‘जी.’ पुन्हा ‘जी.’ मग ‘जी, वही नंबर है.’ विमा विकणारा कोणी असावा असे आम्ही मनाशी ठरविले आणि पान उलटले.

थोड्या वेळाने वहिनींचा आवाज आला, ‘जी, अकेली हूँ.’ आम्ही वाचता वाचता थबकलो. आम्ही तर दहा हातांवर बसलो होतो. मग क्षणभर शांतता, आणि पुन्हा वहिनी : ‘नहीं साहब, वो रेडियो है. बंद करती हूँ.’ त्या उंबऱ्यापर्यंत आल्या, आमच्याकडे न बघताच हाताने ‘गप्प’ अशी खूण केली आणि आत परतल्या. आम्हांस हसू आले. विमेवाल्यास टाळण्यासाठी बाईने आमचा रेडिओ केला, असे वाटून आम्ही पोथी मिटली आणि स्वतःशीच हसत बसलो.

तो विमेवाला नव्हता. पोलिसाचा गणवेश घातलेला एक माणूस फोनच्या पडद्यावर होता, आणि तुमच्या आधारकार्डावर परदेशी गेलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, चौकशी पुरी होईतो तुम्ही घरातच ‘डिजिटल अटके’त आहात, कोणास सांगाल तर मुलाची नोकरी जाईल, असे तो त्यांस सांगत होता. अशी कोणतीही अटक आपल्या कायद्यात नाही. त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये हे सांगितले होते, असल्या एका संभाषणाचा नमुनाही ऐकविला होता. तो कार्यक्रम आम्ही ऐकला होता, आणि असल्या थापांस लोक कसे फसतात म्हणून मानही हलविली होती. पण त्या नमुन्यात दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. ओसरीवर आम्हांस एकच ऐकू आली, आणि दुसरी आम्ही आमच्या मनाने भरून काढली.

पुढचे थोडक्यात सांगतो. दीड तासाने वहिनी लुगडे बदलून, पिशवी घेऊन, ‘बँकेत जाऊन येते, भावोजी,’ म्हणून निघाल्या. ठेव मोडून रक्कम पाठविण्याचा हुकूम झाला होता, आणि फोन पिशवीत चालूच ठेवावयाचा होता. बँकेतल्या मुलीने कारण विचारले तेव्हा त्यांनी नातवाच्या फीचे सांगितले. पण उत्तर देताना त्या सारख्या पिशवीकडे पाहत होत्या. मुलगी शहाणी होती. तिने काही न बोलता कागदाच्या चिठोऱ्यावर ‘फोन चालू आहे का?’ असे हिंदीत लिहून पुढे सरकविले. वहिनींनी मान हलविली. मुलीने पिशवीतला फोन काढून बंद केला, 1930 या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावयास लावली आणि पाणी दिले. पैसे वाचले. वहिनी मात्र आठ दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. ‘हे बाहेर कोणास सांगू नका,’ एवढेच त्यांनी आम्हां सर्वांस विनविले.

सांगितले ते त्यांनी स्वतःच, पुढच्या श्रावणात. इंदुरातल्या आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात एकांकिका व्हावयाच्या होत्या आणि नातवास विषय सापडत नव्हता. वहिनी एकाएकी म्हणाल्या, ‘माझेच लिही की. आपल्या देवळातल्या किती बायका एकट्या असतात दुपारच्या.’ नातवाने एका बैठकीत नाटुकले लिहून काढले आणि वाचावयास आमच्यापुढे आणून ठेवले. रंगमंचावर एकच बाई, एकच फोन. प्रेक्षकांनी केवळ तिचे बोलणे ऐकावयाचे.

पहिले पान वाचूनच आम्ही चष्मा काढला. त्यात असे होते :

‘हॅलो? कोण? मुंबई पोलीस? काय म्हणता, माझ्या नावाचे पार्सल? त्यात अमली पदार्थ? माझ्या आधारकार्डावर? आणि म्हणून मला अटक?’

एकतर्फी फोनचे नाटक लिहिणाऱ्या प्रत्येक नवख्याचा पाय येथेच घसरतो. पलीकडचे ऐकू येत नाही, तेव्हा प्रेक्षकांस कळणार कसे, या भीतीने तो पलीकडचे सारे वाक्य अलीकडच्या तोंडी घालतो. पात्राचा पोपट होतो. त्यात दोन हानी आहेत. भ्यालेला माणूस असे बोलत नाही; भीतीने वाक्ये आखूड होतात, लांबत नाहीत. आणि दुसरी अधिक मोठी : सहा प्रश्नांत सारे कळले, तर उरलेली बारा मिनिटे प्रेक्षकांनी करावयाचे काय? ओसरीवर आमचे जे झाले, म्हणजे आधी चुकीचा तर्क, मग शंका, मग हसून ती उडविणे, ते प्रेक्षकांस अनुभवावयास मिळालेच नाही.

नातू म्हणाला, ‘अण्णाआजोबा, नाट्यछटेत असेच असते ना?’ प्रश्न योग्य होता. शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे आपले दिवाकर, यांनी 1911 पासून हा प्रकार मराठीत रुजविला. ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांचा त्यांच्यावर प्रभाव होता हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या नाट्यछटांतही बोलतो एकच, आणि समोरच्याचे बोलणे आपण तर्काने जाणावयाचे असते. तेथे पात्र समोरच्याचा एखादा शब्द उचलून धरते, तेव्हा ते खटकत नाही. कारण समोरचा माणूस त्याच खोलीत आहे, त्यास चिडविण्यासाठी, वेडावण्यासाठी, लाजविण्यासाठी शब्द उचलला जातो. म्हणजे तो शब्द आता बोलणाऱ्याचा झालेला असतो. नातवाच्या बाईने उचललेले शब्द मात्र प्रेक्षकांसाठी उचललेले होते. पात्रास त्यांची गरज नव्हती. आम्ही त्यास एवढीच कसोटी सांगितली : पुनरुक्ती झाली तर ती करण्यात बाईचा स्वतःचा काही हेतू आहे का, पाहा. नसेल तर खोड.

मग कागद मधोमध दुमडला. डाव्या अर्ध्यात फोनवरल्या माणसाचे सर्व बोलणे अथपासून इतिपर्यंत लिहावयाचे, एक शब्दही न गाळता, उजवीकडे बाईचे. नातवास हे वायफळ वाटले, कारण डावी बाजू कोणी ऐकणारच नव्हते. पण ती लिहिल्यावाचून उजवी खरी होत नाही. तो माणूस केव्हा धमकावतो, केव्हा ‘माताजी’ म्हणून गोड बोलतो, केव्हा ‘आमचे वरिष्ठ बोलतील’ म्हणून फोन दुसऱ्याच्या हाती देतो, हे ठरले नसेल, तर बाईने मधेच ताठ का बसावे, पदर का सावरावा, याला कारण उरत नाही. वहिनी शेजारी बसून डावी बाजू सांगत गेल्या. त्यांस ती शब्दशः पाठ होती. ऐकताना आम्हांस खाली पाहावे लागले.

नवे पहिले पान असे झाले. फोन वाजतो. ‘हां जी.’ शांतता. ‘जी, वही नंबर है.’ शांतता. ‘नहीं... मैंने तो कुछ नहीं भेजा.’ मग बाई उठते, कपाटातून पाकीट काढते, चष्मा लावते आणि एक कार्ड दिव्याजवळ धरून आकडे वाचू लागते. चार आकडे, थांबा, चार आकडे, थांबा, चार आकडे. ‘आधार’ हा शब्द कोठेच नाही. तथापि चार-चारांचे ते तीन गट ऐकताच सभागृहातल्या प्रत्येकास कार्ड कोणते ते कळते, आणि अर्ध्या जणांच्या मनात ‘अहो, वाचू नका’ असे येते. प्रेक्षक पात्राच्या पुढे गेला की भयनाट्याचे निम्मे काम झाले.

भाषेचा प्रश्न आपोआप सुटला, आणि याचे श्रेय सिमरोलचे. नातवाने आधी सारे मराठीत घातले होते, मराठी रंगमंच म्हणून. पण वहिनी त्या भामट्याशी हिंदीत बोलल्या, आमच्याशी मराठीत, आणि भीतीने गळा दाटला तेव्हा देवाशी कोंकणीत : ‘मंगेशा, हांव कितें करूं?’ जसे झाले तसेच ठेवले. मग कोणास उद्देशून काय बोलले जाते हे सांगावयास वेगळी सूचना लागेना. हिंदी शब्द फोनकडे, मराठी दाराकडे, कोंकणी आत. एका बाईच्या तोंडून तीन खोल्या उभ्या राहिल्या.

येथेच नाटकाचे मर्म आले. एकतर्फी फोनमध्ये थरार येतो तो पलीकडचा माणूस अदृश्य आहे म्हणून नव्हे. बोलणाऱ्याचा एक शब्द दोघे ऐकतात आणि दोघांसाठी त्याचे अर्थ निराळे असतात, म्हणून. ‘अकेली हूँ’ हे वाक्य फोनवरच्या माणसास आज्ञापालन वाटते. ओसरीवरच्या माणसास थट्टा वाटते. प्रेक्षकांस दोन्ही दिसते, आणि बाईचे एकाकीपण तिसरे. नाटकात आमच्या जागी नातू आला. तो दारात येऊन विचारतो, ‘आजी, कोणाचा फोन?’ ती मराठीत सांगते, ‘जोशीबाईंचा. तू जेवून घे.’ आणि फोनकडे वळून म्हणते, ‘नौकर था. गया.’ पहिल्या तालमीत हे वाक्य आले तेव्हा मागे बसून पुस्तक चाळणारी मंडळीही वर पाहू लागली. तोवर सारे तिला भोळी समजत होते. ती खोटे बोलू शकते आणि आपल्यासाठी नव्हे तर त्या माणसासाठी बोलते आहे, हे त्या तीन शब्दांत कळले. नातवाने पोलिसाची गाडी, कर्कश भोंगा असे शेवटास घातले होते. ते सारे आम्ही काढावयास लावले. त्यास वाईट वाटले, पण ऐकले.

फ्रेंच नाटककार झाँ कॉक्तो याचे ‘मानवी आवाज’ या अर्थाच्या नावाचे एकपात्री नाटक 1930 साली पॅरिसच्या कोमेदी-फ्रांसेज या नाट्यगृहात झाले. बर्त बोव्ही या नटीने ते केले. सोडून जाणाऱ्या प्रियकराशी बाईचे फोनवर अखेरचे बोलणे, एवढेच कथानक. विषय आमच्या गणेशोत्सवास जमणारा नव्हे, पण त्यातील एक युक्ती आम्ही नातवास मुद्दाम सांगितली. मधेच लाइन तुटते. बाई आपण होऊन त्याच्या घरी फोन लावते. उचलतो नोकर, आणि मालक घरी नाहीत म्हणतो. पुढे प्रियकराचा फोन परत येतो तेव्हा तो घरूनच बोलत असल्याचा बहाणा करतो, आणि तिला ते खोटे ठाऊक असते. पलीकडचा एक शब्द न ऐकविता पलीकडच्याचे खोटे उघडे पाडावयाचे, ते असे : धागा तोडून तो दुसऱ्या टोकाने जोडावयाचा. कॉक्तोच्या काळी तुटक्या लाइनी नित्याच्या होत्या, आणि फोनला दोरी असल्याने बाई त्या भोवती बांधलेली असे. मोबाइल आला आणि नाटककारांची ती दोरी गेली; पात्र फोन घेऊन कोठेही हिंडू लागले. या नव्या भामट्यांनी दोरी परत आणली म्हणावयाची. फोन समोर उभा ठेवा, कॅमेऱ्याच्या बाहेर जाऊ नका, असा त्यांचा हुकूम असतो. आम्ही फोन रंगमंचावर हळदीकुंकवाच्या डब्यास टेकवून ठेवला, प्रेक्षकांकडे पाठ करून. बाई त्या डब्यापासून तीन पावलांपलीकडे गेली की कोणीतरी ओरडल्यासारखी परत येते. पडद्यावरचा माणूस कोणी पाहिला नाही, पण त्याचा डोळा साऱ्यांस दिसला.

उरल्या शांतता. नातवाने सर्वत्र ‘(थांबते)’ असे लिहिले होते, जणू सर्व थांबे एका मापाचे. काम करणारी बाई शाळेत शिक्षिका आहे, पाठांतर उत्तम. पण तालमी वाढल्या तसे थांबे आखडू लागले. हा दोष हटकून येतो, कारण नटास पुढचे वाक्य ठाऊक असते आणि शांततेची त्यास लाज वाटते. मग पलीकडच्याने तोंड उघडण्याआधीच उत्तर येते आणि प्रेक्षकांस, का ते न कळता, फोन खोटा वाटू लागतो. आम्ही उपाय असा केला. पहिल्या चार तालमींत नातू विंगेतून डावी बाजू हळू आवाजात बोलत राही. पाचव्या तालमीपासून तो बोलेना. नुसते बोट ओळींवरून बोलण्याच्या गतीने फिरवी. पाच सेकंदांत दहा-बारा शब्द होतात. बोट ओळीच्या शेवटी पोचण्याआधी बाई बोलली की समासात खूण. पहिल्या रात्री एकवीस खुणा झाल्या, पाचव्या रात्री चार. हालचालीवाचून पाच-सहा सेकंदांपलीकडची शांतता सभागृह सहसा सोसत नाही, लोक खोकू लागतात. म्हणून लांब बोलणी आम्ही कपाट उघडणे, चष्मा पुसणे, पासबुक शोधणे यांखाली घातली. तेथे तीस सेकंदही चालतात.

एका ठिकाणी मात्र हा हिशोब मोडला. शेवटून दुसऱ्या तालमीस वहिनी आल्या. तोवर त्यांनी येण्याचे टाळले होते. मागच्या खुर्चीवर बसल्या, काही बोलल्या नाहीत. ‘अकेली हूँ’ हे वाक्य आले, बाईने बोटाच्या हिशोबाने, म्हणजे चार सेकंद थांबून ते म्हटले. वहिनी उठल्या. ‘मी एवढ्या लवकर म्हटले नव्हते हो,’ त्या म्हणाल्या. ‘त्याने घरात कोण आहे म्हणून विचारले, आणि भावोजींचा वाचण्याचा आवाज येत होता.’

बाईने त्यांसच करून दाखवावयास सांगितले. वहिनी डब्यासमोर पाटावर बसल्या. हात मांडीवर. डोळे फोनकडे नव्हते, दाराकडे होते, जेथे त्या दुपारी आम्ही बसलो होतो. कोणी खोकले नाही. आम्ही सवयीने घड्याळाकडे पाहत होतो. एकोणीस सेकंद झाले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘जी, अकेली हूँ.’

प्रयोगाच्या रात्री बाईने ती शांतता अकरा सेकंदांपर्यंत नेली. त्याहून अधिक तिला जमले नाही.